टोपीच्या आतली वेणी

माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. निरोगी केसही याला अपवाद नाहीत. पोळ्या लाटणाऱ्या हातांवर किंवा आमटीच्या पातेल्यावर यातला एकही पडायचा नसेल, तर नुसती टोपी घालून भागत नाही. जाळीच्या टोपीखाली केस मोकळे राहिले, तर गळलेल्या केसाचं टोक जाळीच्या भोकातून बाहेर येतं आणि मान हलली की अख्खा केस निसटतो. घट्ट विणलेल्या वेणीत मात्र तो बाकीच्या केसांत अडकून राहतो. म्हणून खरी राखण वेणी करते, टोपी तिच्यानंतर.

कमरेपर्यंत केस असलेल्या बाईचं उदाहरण घेऊ. केस कोरडे असतानाच घरी नीट विंचरायचे, म्हणजे गळायला आलेले केस कंगव्यात येतात. ओले केस ताण पडला की लवकर तुटतात. एकाच वेणीचा अंबाडा घातला, तर एवढ्या केसांचा गोळा मोठा होतो, टोपी वर उचलली जाते आणि मानेवरचे केस उघडे पडतात. त्यापेक्षा मधोमध भांग पाडून दोन वेण्या घालाव्यात. मग प्रत्येकीची चकलीसारखी चपटी गुंडाळी करून ती कापड गुंडाळलेल्या रबरबँडने बसवावी. दोन्ही गुंडाळ्या मानेच्या जरा वर, शेजारी शेजारी ठेवाव्यात. आकडे आणि क्लिपा टाळलेल्या बऱ्या, कारण निसटलेला आकडा थेट अन्नात जातो. कित्येक कारखान्यांत तर त्यांना बंदीच असते. गजराही घरीच ठेवावा.

टोपी कोटाच्या आधी घालायची. कोट आधी चढवला, तर केस सारखे करताना गळलेले केस खांद्यावर पडतात आणि तसेच ओट्यापर्यंत जातात. टोपीचं इलॅस्टिक कपाळावरच्या केसांच्या पुढे, कानांवरून आणि मागे मानेवरच्या लवेच्या खाली यायला हवं. मान खाली-वर करून पाहिली की ढिली टोपी लगेच कळते.

तेलकट केसांवरून टोपी घसरते आणि ती सावरायला हात आपोआप वर जातो. धोका आहे तो इथे. टाळूवर, कपाळावर आणि नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असू शकतो. तो बोटांवाटे अन्नात उतरला आणि ते अन्न तासन् तास उबदार जागी राहिलं, तर त्यात विष तयार होतं. अन्न पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतात, पण विष टिकून राहतं. त्यामुळे टोपीला हात लागला की साबणाने हात धुवायचे आणि मगच कणकेला हात लावायचा.

प्रयोगशाळेत पाठीवर सोडलेला शेपटा वाकताच पुढे येतो, कधी पेट्री डिशवर, कधी बर्नरच्या ज्योतीकडे. तिथेही वेणी वर गुंडाळूनच ठेवावी लागते.

घट्ट म्हणजे कपाळ ताणेल इतकं घट्ट नव्हे. रोज एकाच जागी ओढ बसली, तर कानशिलांजवळचे केस विरळ होत जातात आणि ताण वर्षानुवर्षं चालला तर ते परत येत नाहीत. केस सोडल्यावर टाळू दुखत असेल किंवा कपाळाच्या कडेला पुटकुळ्या दिसत असतील, तर दुसऱ्या दिवसापासून मुळाशी पीळ सैल ठेवावा आणि भांगाची जागा बदलावी.