चारशे अंदाज, चाळीस मोजमापं

जंगलात लाकूड किती, हे झाडं मोजून काढणं महाग पडतं; हवाई छायाचित्रांवरून केलेला अंदाज स्वस्त, पण कच्चा. येर्झी नेमन यांनी 1938 मध्ये मांडलेली दुहेरी नमुना पद्धत या दोन्हींची सांगड घालते.

समजा, 400 तुकड्यांचा छायाचित्रांवरून सरासरी अंदाज हेक्टरी 120 घनमीटर आला. त्यांतले 40 तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडले आणि जमिनीवर मोजले. त्यांचा अंदाज होता 110, प्रत्यक्षात निघाले 121. म्हणजे चिठ्ठीत जरा विरळ तुकडेच आले. या चाळिसांत अंदाज 1 ने वाढला की मोजमाप 0.9 ने वाढत असेल, तर 10 च्या फरकापोटी 9 मिळवायचे: 130.

मात्र अंदाज आणि मोजमाप यांचं नातं सैल असेल, तर तो पैसा सरळ जास्त तुकडे मोजण्यात घालावा.