पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिसाचा अर्ज कसा भरावा?

भारतीय पासपोर्टच्या पहिल्या पानावर नावासाठी दोन जागा असतात. एक उपनाम, म्हणजे Surname, आणि दुसरी Given Name(s), जिथे स्वतःचे नाव आणि हवे असल्यास वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. बऱ्याच पासपोर्टांवर यातली उपनामाची जागा कोरी असते. तमिळनाडूत आडनाव लावण्याची पद्धतच नाही, त्यामुळे तिथे हे नेहमीचेच. आपल्याकडे कारणे वेगळी असतात. जातीची ओळख नको म्हणून कोणी आडनाव सोडलेले असते, तर कोणी पासपोर्टचा अर्ज भरताना ‘कविता रमेश जाधव’ असे सगळे नाव एकाच रकान्यात लिहिलेले असते. पासपोर्ट हातात येतो, घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. अडचण कळते ती परदेशाचा व्हिसा काढताना. तिथे आडनावाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

अशा वेळी आपले हात आपोआप चुकीचे काम करतात. जाधव हे आडनाव आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणून ते आडनावाच्या रकान्यात आणि ‘कविता रमेश’ दुसऱ्या रकान्यात, अशी वाटणी आपण करून टाकतो. ज्यांच्या पासपोर्टवर नुसते ‘कविता’ आहे ते वडिलांचे नाव आडनाव म्हणून लिहितात. माणसाला दोन्ही बरोबर वाटेल. पण अर्ज तपासणारा अधिकारी आणि पासपोर्ट वाचणारे यंत्र घरातली माहिती पाहत नाहीत. छापलेल्या पानावर जाधव हे आडनाव म्हणून कुठेच नाही, आणि अर्जात मात्र आहे. म्हणजे दोन कागद दोन वेगळी नावे सांगतात.

यंत्राची बाजू समजली की नियम लक्षात ठेवणे सोपे जाते. पासपोर्टच्या त्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ अक्षरे, मध्ये `<` अशा खुणा. त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिली आहे. या रचनेत नावाचे दोन भाग मानलेले आहेत, मुख्य आणि दुय्यम. मुख्य भाग साधारणपणे आडनावाचा. नावाचे दोन भाग करता येत नसतील, तर सगळे नाव मुख्य भागच समजायचे असे त्या नियमात म्हटले आहे. म्हणूनच अनेक देशांच्या अर्जांत एकुलते एक नाव आडनावाच्या रकान्यात जाते. पासपोर्टवर ते Given Name(s) समोर छापलेले असले, तरीसुद्धा.

आता अमेरिकेच्या पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा DS-160 हा अर्ज घेऊ. समजा, मुलीकडे राहायला निघालेल्या एका आईच्या पासपोर्टवर उपनामाची जागा कोरी आहे आणि दुसऱ्या जागी फक्त KAVITA आहे. अर्जात हे असे भरायचे:

```
Surnames:    KAVITA
Given Names: FNU
```

FNU म्हणजे ‘पहिले नाव माहीत नाही’ याचे इंग्रजी लघुरूप. ते आपण शोधून काढलेले नाही. पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते Surnames मध्ये आणि दुसऱ्या रकान्यात FNU लिहा, अशी सूचना त्या अर्जातच आहे. पासपोर्टवर ‘KAVITA RAMESH JADHAV’ असे तिन्ही शब्द Given Name(s) मध्ये असतील, तर तिन्ही शब्द त्याच क्रमाने Surnames मध्ये जातील आणि दुसऱ्या रकान्यात पुन्हा FNU. शब्द सुटे करायचे नाहीत.

त्याच पानावर पूर्वी वेगळे नाव वापरले आहे का, असा प्रश्न असतो. FNU हे काही बाईंचे दुसरे नाव नव्हे, त्यामुळे तेवढ्यासाठी ‘हो’ म्हणायचे नाही. मात्र लग्नाआधीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल, तर ‘हो’ म्हणून ते लिहायलाच हवे. मूळ लिपीतले नाव मागतात तिथे देवनागरीत कविता असे सरळ लिहावे.

अर्ज पाठवून झाल्यावर त्यात दुरुस्ती करता येत नाही. नाव चुकलेले दिसले तर नवा DS-160 भरायचा आणि मुलाखतीची वेळ ज्या खात्यातून घेतली आहे, तिथे नव्या अर्जाचा क्रमांक घालायचा. म्हणून अर्ज पाठवण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. व्हिसा मिळाल्यावर त्यावर आडनाव KAVITA आणि नाव FNU असे छापून येते. हे पाहून घाबरून जाणारे पुष्कळ असतात, पण ती चूक नाही. विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडून येणाऱ्या I-20 या कागदावर दुसरी जागा कोरीही असू शकते. तिथे FNU का नाही म्हणून विद्यापीठाशी वाद घालू नये. पुढे अमेरिकेत वाहन परवाना काढताना किंवा बँकेत खाते उघडताना हे FNU खरे नाव असल्यासारखे छापले जाते, त्याची मात्र तयारी ठेवावी.

आता तीच आई त्याच पासपोर्टवर कॅनडाचा अर्ज भरते असे धरू. तिथेही नाव आडनावाच्या रकान्यातच जाते. पण दुसरा रकाना कोरा सोडायचा असतो. त्यात FNU, ‘लागू नाही’ किंवा फुली असे काहीही लिहू नका, अशी स्पष्ट सूचना तिथे आहे. म्हणजे एका देशाचे बरोबर उत्तर दुसऱ्या देशाचे चुकीचे उत्तर ठरते. ओळखीच्या कुणी मागच्या वर्षी काय लिहिले होते हे विचारून अर्ज भरण्यातला धोका हाच आहे.

विमानाच्या तिकिटाचे नियम आणखी वेगळे. संकेतस्थळावर दोन्ही रकाने भरावेच लागतात. काही कंपन्या तेच नाव दोनदा लिहायला सांगतात, काही FNU चालवून घेतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या कंपनीला विचारणे आणि उत्तर लेखी घेणे चांगले. प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील, तर दोघींना विचारावे. पासपोर्टवर नसलेले आडनाव तिकिटावर घालणे मात्र कुठेच चालत नाही.

काही ठिकाणी रकाना बरोबर भरूनही भागत नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश द्यायचा नाही असे ठरवले. नंतर खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. तिथे वास्तव्याचा परवाना असलेल्यांसाठी नियम वेगळा होता. दुबईला निघालेल्यांनी तिकिटाआधी त्या वेळचा नियम पाहावा.

या सगळ्यातून कायमचे सुटायचे असेल, तर पासपोर्ट नव्याने काढताना आडनाव त्याच्या रकान्यात घालून घ्यावे. त्यासाठी आधार, शाळेचा दाखला अशा कागदांवर ते आडनाव तसेच असायला हवे, म्हणून आधी ते कागद एकसारखे करावेत. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल, तर नाव बदलल्यावर नवा व्हिसा काढावा लागेल का, हे त्या देशाच्या वकिलातीकडे विचारावे. आणि हे काम प्रवास ठरण्याआधी करावे, तिकीट हातात आल्यावर नव्हे.