शाफ्ट कोणत्या बाजूला फिरला, हे काउंटरला कसे कळते?

मिलिंग मशीनचे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या टोकाला बरेचदा एन्कोडर बसवलेला असतो. त्याच्या आत शाफ्टबरोबर फिरणारी एक पातळ चकती असते आणि तिच्या कडेने समान अंतरावर बारीक फटी असतात. चकतीच्या एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. शाफ्ट फिरू लागला की प्रकाश फटीतून येतो, अडतो, पुन्हा येतो आणि सेन्सरच्या तारेवर १ व ० आलटून पालटून उमटतात. हे पल्स मोजले की शाफ्ट किती फिरला ते समजते. दिशा मात्र समजत नाही, कारण चकती उलटी फिरली तरी पल्स तसेच दिसतात.

दिशा कळावी म्हणून दुसरा सेन्सर लावतात. तो पहिल्यापासून एका फटीच्या चक्राच्या पाव हिश्श्याने पुढे-मागे असतो. पूर्ण चक्र ३६० अंशांचे धरले तर हा फरक ९० अंशांचा होतो. म्हणून अशा एन्कोडरला क्वाड्रेचर एन्कोडर म्हणतात. दोन सेन्सरांच्या तारांना ए आणि बी म्हणू. शाफ्ट सुलट फिरताना आधी ए बदलतो आणि मग बी. दोन्ही तारांवरचे अंक एकत्र वाचले तर ००, १०, ११, ०१ आणि पुन्हा ०० असा क्रम दिसतो. उलट फिरताना हाच क्रम मागून वाचल्यासारखा येतो: ००, ०१, ११, १०, ००. दोन्ही वेळा एका पायरीला एकच तार बदलते.

यातून एक सोपा नियम निघतो. प्रत्येक बदलाच्या वेळी ए ची आधीची स्थिती आणि बी ची नवी स्थिती ताडून पाहायची. दोन्ही सारख्या असतील तर शाफ्ट सुलट फिरला, वेगळ्या असतील तर उलट. १० वरून ११ वर गेल्यास ए आधी १ होता आणि बी आता १ आहे, म्हणजे सुलट. ११ वरून १० वर आल्यास ए आधी १ होता आणि बी आता ० आहे, म्हणजे उलट.

हा निर्णय अप-डाउन काउंटरकडे जातो. साधा काउंटर फक्त वाढत जातो. अप-डाउन काउंटर दिशेप्रमाणे एकने वाढतो किंवा घटतो. जुन्या ७४१९३ या चिपमध्ये वाढवण्यासाठी एक आणि घटवण्यासाठी दुसरी अशा दोन वेगळ्या क्लॉक पिना आहेत, तर ७४१९१ मध्ये क्लॉक एकच असून दिशेची पिन वेगळी आहे. आज हे काम अनेक मायक्रोकंट्रोलरमधला टायमरच करतो.

चकतीवर १००० फटी असल्या तर चारही बदल मोजून एका फेऱ्यात ४००० गणती मिळते. स्क्रू एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवत असेल, तर एक गणती म्हणजे १.२५ मायक्रॉन. काउंटरवर ६४०० वाढले, तर टेबल ८ मिलिमीटर पुढे गेले. त्यातून २४०० घटले, तर ते ३ मिलिमीटर मागे आले.

काही जण फक्त ए वर चढणारी कड मोजतात आणि त्या क्षणी बी पाहून दिशा ठरवतात. शाफ्ट नीट फिरत असताना हे चालते. पण मशीन थांबले आणि चकती नेमकी ए च्या कडेवर थरथरू लागली, तर घोळ होतो. पुढच्या हेलकाव्याला चढती कड येते आणि गणती वाढते. मागच्या हेलकाव्याला येणारी उतरती कड मोजलीच जात नाही. टेबल जागेवर असूनही आकडा वाढत राहतो. सगळ्या कडा मोजल्या तर एक वाढ आणि एक घट होऊन हिशेब तिथेच राहतो.

वेगाचीही मर्यादा असते. मिनिटाला ३००० फेऱ्यांना वरच्या उदाहरणात सेकंदाला दोन लाख बदल होतात, म्हणजे एका स्थितीला जेमतेम ५ मायक्रोसेकंद मिळतात. वाचणारा प्रोग्रॅम मागे पडला, तर ०० नंतर थेट ११ दिसते. दोन्ही तारा एकदम बदललेल्या दिसल्या, तर दिशा सांगता येत नाही; एक पायरी निसटली एवढेच कळते. म्हणून चांगली सर्किटे अशा उडीला चूक म्हणून नोंदवतात. दोन वाचनांच्या मध्ये दोनऐवजी तीन पायऱ्या पडल्या, तर मात्र उलट दिशेची एकच पायरी पडल्यासारखे दिसते आणि ही चूक पकडली जात नाही.

१६ बिटांचा काउंटर ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. वरच्या स्क्रूवर हे जवळपास ८२ मिलिमीटरलाच घडते, म्हणून पुढचा हिशेब प्रोग्रॅममध्ये वाढवावा लागतो. शिवाय वीज गेल्यावर शाफ्ट हलला, तर ते काउंटरला कळत नाही. त्यासाठी बऱ्याच एन्कोडरांत झेड ही तिसरी तार असते. तिच्यावर फेऱ्यात एकदाच पल्स येतो. मशीन सुरू झाल्यावर टेबल एका टोकाच्या स्विचपर्यंत नेऊन, तिथून मिळणाऱ्या पहिल्या झेड पल्सला शून्य धरतात. एकाच दिशेने फिरताना लागोपाठच्या दोन झेड पल्समध्ये नेमकी ४००० गणती यायला हवी. ती कमी-जास्त आली, तर पल्स निसटत आहेत किंवा तारांमध्ये विजेचा गोंगाट शिरतो आहे.