पंखा घुरघुरतो तेव्हा

वीज जाते, इन्व्हर्टर चालू होतो आणि पंखा फिरत राहतो. पण इन्व्हर्टर जुना, साध्या बनावटीचा असेल तर पंख्यातून एरवी नसलेली घुरघुर ऐकू येते. तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा सावकाश चढते-उतरते, तिचा आलेख साइनचा. इन्व्हर्टरची वीजही सेकंदाला ५० वेळाच चढते-उतरते, पण झटक्यात: अर्धा वेळ +१, उरलेला अर्धा −१. वेग तोच आहे, मग ही घुरघुर कुठून आली?

ज्यां-बातीस्त जोसेफ फूरिये यांनी उष्णता वस्तूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना १८०७ मध्ये मांडलेली कल्पना इथे कामी येते. ठरावीक काळाने स्वतःची पुनरावृत्ती करणारी लाट साइन आणि कोसाइन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. या लाटांचे वेग मूळ वेगाच्या पूर्ण पटीत असतात: ५०, १००, १५० हर्ट्झ वगैरे. कोपरे असलेली लाट गुळगुळीत लाटांमधून उभी राहते, हे तेव्हा लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञालाही पटलं नव्हतं.

कोणती लाट किती प्रमाणात आहे हे कसं ओळखायचं? परीक्षेत इंटिग्रलचं सूत्र पाठ असतं, पण ते करतं काय, तर गुणाकार आणि सरासरी. जिचा शोध घ्यायचा त्या लाटेने आपल्या लाटेला क्षणोक्षणी गुणायचं आणि एका आवर्तनाची सरासरी काढायची. दोन वेगळ्या पटींच्या लाटांचा गुणाकार जितका वर जातो तितकाच खाली येतो, त्यामुळे सरासरी शून्य. साइनला तिनेच गुणलं तर सरासरी अर्धी येते. म्हणून शेवटी दोनाने गुणायचं.

आता चौकोनी लाट घेऊ. पहिल्या अर्ध्यात ती +१ आहे आणि ५० हर्ट्झची साइनही धन. दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही ऋण, म्हणून गुणाकार पुन्हा धन. काहीच कटत नाही. सरासरी 2/π येते, दुप्पट केली की 4/π, म्हणजे सुमारे १.२७.

१०० हर्ट्झची साइन घेतली की पहिल्या अर्ध्यातच तिचं एक पूर्ण आवर्तन होतं. वरचा उंचवटा आणि खालची खोलगट एकमेकांना खाऊन टाकतात. दुसऱ्या अर्ध्यातही तेच. उत्तर शून्य. १५० हर्ट्झच्या साइनला अर्ध्या आवर्तनात तीन उंचवटे मिळतात: वर, खाली, वर. दोन कटतात, एक उरतो. तो एक तृतीयांश रुंदीचा असल्याने क्षेत्रफळही एक तृतीयांश. अशा रीतीने सम पटी गळतात आणि विषम पटी राहतात:

`f(t) = (4/π)[sin ωt + (1/3) sin 3ωt + (1/5) sin 5ωt + …]`

घुरघुरीचा उगम इथे सापडतो. मोटरला ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० हर्ट्झही मिळतात. ते फिरवण्याच्या कामी फारसे येत नाहीत, थरथर आणि उष्णता मात्र वाढवतात.

कोसाइन कुठे गेली? वेळ मोजायला सुरुवात उडीच्या क्षणापासून केली म्हणून ती आली नाही. तीच लाट +१च्या भागाच्या मध्यापासून मोजली तर फक्त कोसाइन उरतात. सुरुवात आणखी कुठे केली तर दोन्ही येतात. पण प्रत्येक पटीतला एकूण वाटा, म्हणजे a² + b² चं वर्गमूळ, तेवढंच राहतं. घड्याळ सरकवल्याने पंख्याची घुरघुर बदलत नाही!

उत्तर तपासायला दोन खुणा पुरतात. लाटेत उडी असेल तर सहगुणक 1/n च्या चालीने घटतात. त्रिकोणी लाटेसारखी उडी नसून नुसता कोपरा असेल तर 1/n² च्या चालीने. चौकोनी लाटेला 1/n² आलं तर गणित चुकलं. दुसरी खूण सरासरीची: लाट ±१ ऐवजी ० ते १ असेल तर स्थिर पद १/२ यायलाच हवं आणि बाकीचे सहगुणक निम्मे व्हायला हवेत. पेपरात हे स्थिर पद हमखास विसरलं जातं.

मर्यादाही आहे. लाटेच्या मध्यावर पहिलं पद १.२७ देतं, दोन मिळून ०.८५, तीन मिळून १.१०, चार मिळून ०.९२. बेरीज डुलत डुलत १ कडे जाते. उडीच्या अगदी शेजारी मात्र ती सुमारे १.१८ पर्यंत उसळते. पदं वाढवली तरी ही उसळी कमी होत नाही, फक्त अरुंद होत उडीला चिकटते. विलार्ड गिब्ज यांनी १८९९ मध्ये तिचा खुलासा केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आकृती काढताना कोपऱ्याशी असं शिंग दिसलं तर ते खोडू नका. मर्यादित पदांची बेरीज अशीच दिसते.