फॉलोअर्स गळाले म्हणजे शिक्षा झाली का?

जानेवारी २०१८ संपता संपता अमिताभ बच्चन ट्विटरवर वैतागले. त्यांच्या फॉलोअर्सचा आकडा अचानक खाली आला होता आणि शाहरुख खान पुढे निघून गेला होता. माझे फॉलोअर्स कमी केलेत, आता इथून निघायची वेळ झाली, अशा अर्थाचं त्यांनी तिथेच लिहून टाकलं. ते गेले नाहीत, पण त्यांच्या मनात आलेली शंका आज मसाले विकणाऱ्या गृहिणीपासून रील बनवणाऱ्या कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांना छळते. रात्री होते तेवढे फॉलोअर्स सकाळी नाहीत. कंपनीचा आपल्यावर राग आहे की काय?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. का, ते त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात काय झालं त्यावरून नीट कळतं.

११ जुलै २०१८ रोजी ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, जाहीर केलं की कुलूपबंद केलेली खाती यापुढे कुणाच्याही फॉलोअर्समध्ये मोजली जाणार नाहीत. एखादं खातं अचानक विचित्र वागू लागलं, अनोळखी लोकांना धडाधड उत्तरं पाठवू लागलं किंवा त्याचा पासवर्ड दुसरीकडे फुटल्याचं लक्षात आलं, की कंपनी ते थांबवते आणि मालकाला ओळख पटवायला सांगते. मालक फिरकलाच नाही, तर खातं तसंच पडून राहतं. त्यावरून पोस्ट करता येत नाही, लाइक करता येत नाही. तरीही ते मोजणीत मात्र येत होतं. कंपनीने तेवढंच बंद केलं. यातली बहुतेक खाती मुळात खऱ्या माणसांनीच उघडलेली होती, पण आता ती त्यांच्याच हातात आहेत याची खात्री देता येत नव्हती, असंही तिने स्पष्ट केलं.

परिणाम कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. सर्वसाधारण माणसाचे फार तर चार फॉलोअर्स कमी होतील, असा कंपनीचा अंदाज होता. बराक ओबामा आणि केटी पेरी यांचे मात्र वीस-वीस लाखांहून जास्त गेले. बच्चन यांचे चार लाखांच्या वर गेले. आणि सगळ्यांत मोठा फटका बसलेल्यांत होतं खुद्द ट्विटर कंपनीचं अधिकृत खातं: सुमारे ७७ लाख! कंपनी स्वतःलाच शिक्षा करणार नाही, हे उघड आहे. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१४ मध्ये खोटी खाती मोजणीतून काढली, तेव्हाही त्यांच्या स्वतःच्या खात्याचे जवळपास १ कोटी ८९ लाख फॉलोअर्स उडाले होते.

मग मोठ्यांनाच एवढा फटका का? खोट्या खात्याला माणसासारखं दिसायचं असतं. रिकामं खातं लगेच ओळखू येतं, म्हणून ते आधी दहा-वीस प्रसिद्ध खाती फॉलो करतं. नवीन खातं उघडणाऱ्याला ही नावं समोर आयती सुचवलीही जातात. त्यामुळे ज्याने आयुष्यात एक फॉलोअर विकत घेतला नाही, त्याच्या अंगणातही हा कचरा साचतो. झाडू फिरला की तो जातो. आकडा कमी झाला, याचा अर्थ खात्याच्या मालकाने काही गैर केलं असा होत नाही.

खरी शिक्षा वेगळी दिसते. कंपनीला तुमच्या खात्यावर बंधन घालायचं असेल, तर तिला फॉलोअर्सना हात लावायची गरजच नसते. ती तुमच्या पोस्ट नव्या लोकांना सुचवणं थांबवते. फॉलोअर्सचा आकडा जागच्या जागी राहतो आणि पोहोच, म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत गेली ती संख्या, कोसळते. सफाईत नेमकं उलटं होतं: आकडा पडतो, पोहोच टिकते. कारण जी खाती गेली, ती तुमच्या पोस्ट बघतच नव्हती.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, कोल्हापुरातल्या एका मसालेवाल्या ताईंच्या इन्स्टाग्राम खात्यावर १२,४०० फॉलोअर्स होते. एका रात्रीत ३१० गेले, १२,०९० उरले. म्हणजे अडीच टक्के घट. आधीच्या चार आठवड्यांत त्यांची एक पोस्ट सरासरी ३,१०० लोकांपर्यंत जायची आणि तिला ३७० लाइक मिळायचे. नंतरच्या चार आठवड्यांत पोहोच ३,०६० आणि लाइक ३६८. यात काळजीचं काहीच नाही. उलट शंभर फॉलोअर्समागे मिळणारे लाइक किंचित वाढलेच आहेत. याच ताईंचे फॉलोअर्स १२,४०० च राहिले असते, पण फॉलो न करणाऱ्यांपर्यंतची पोहोच १,२०० वरून ९० वर आली असती, तर मात्र चौकशी करायला हवी होती.

ही चौकशी कुठे करायची? इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये Account Status नावाचं पान आहे. तुमची एखादी पोस्ट काढली गेली आहे का, तुमचं खातं नव्या लोकांना सुचवलं जातंय का, एखादी सोय बंद केली आहे का, हे तिथे कळतं. यूट्यूबच्या आकडेवारीत सदस्य कुठून आले-गेले याची फोड असते. तिथे Closed accounts या ओळीत घट दिसली, तर ती खातीच बंद झाली असं समजावं. तुम्हाला कुणी सोडून गेलं नाही. अर्थात एक-दोन पोस्टवरून निष्कर्ष काढू नये. सणाचा आठवडा, परीक्षेचा हंगाम किंवा फसलेला विषय, एवढ्यानेही पोहोच हलते. म्हणून किमान चार आठवड्यांची सरासरी धरावी.

दोन ठिकाणी मात्र सफाईची झळ बसते. पहिलं यूट्यूबवर. जाहिरातीच्या पैशांत वाटा मिळवायला तिथे १,००० सदस्यांची एक अट आहे. डिसेंबर २०१८ च्या सफाईच्या वेळी यूट्यूबने सांगितलं होतं की, खोटे सदस्य गेल्यामुळे जे चॅनेल या रेषेखाली येईल, ते कार्यक्रमातून बाहेर पडेल आणि खरे सदस्य जमवून त्याला पुन्हा अर्ज करता येईल. दुसरं, फॉलोअर्स विकत घेतलेल्यांच्या बाबतीत. तिथे घट दोन-तीन टक्क्यांवर थांबत नाही. २०१४ मध्ये अमेरिकन रॅपर मेसचे इन्स्टाग्रामवरचे सुमारे १६ लाख फॉलोअर्स एक लाखाच्या आसपास आले आणि मग ते खातंच दिसेनासं झालं.

सफाईनंतर खरा घोटाळा होतो तो घाबरलेल्या माणसाच्या हातून. ‘गेलेले फॉलोअर्स परत आणून देतो’ म्हणणाऱ्या ॲपला तो पासवर्ड देऊन बसतो. ते ॲप त्याच्या नावाने अनोळखी लोकांना लाइक आणि फॉलो करत सुटतं. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्ये नेमक्या अशाच ॲपवरून आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट काढायला सुरुवात केली आणि ती वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना पाठवली. म्हणजे जी शिक्षा झालेलीच नव्हती, ती माणूस स्वतः ओढवून घेतो. असं ॲप जोडून झालं असेल, तर ते काढून टाकून आजच पासवर्ड बदलावा. आणि जाहिरात देणाऱ्या दुकानदाराने घटलेल्या आकड्याबद्दल विचारलं, तर त्याला महिन्याची पोहोच दाखवावी. त्याची जाहिरात किती लोकांच्या नजरेला पडेल, हे त्याला तिथूनच कळणार आहे.