दावा अडकलाय? आधी कागद विचारा



आमच्या गटातल्या एका ताईंच्या यजमानांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बिल आधी पदरचं भरलं, मग कागद विमा कंपनीला पाठवले. सहा आठवडे झाले तरी पैसे आले नाहीत. दर सोमवारी ताई फोन करायच्या, "आमचे पैसे कधी मिळतील?" उत्तर ठरलेलं, "काम चालू आहे."

मग आम्ही प्रश्नच बदलला. "साहेब, आमच्या दाव्यात कुठला कागद कमी आहे का? तसं कोणत्या नंबरवर कळवलंत?" तेव्हा उलगडा झाला. पैसे भरल्याची शिक्क्याची पावती जोडलेली नव्हती. तसा मेसेज गेला होता, पण एजंटच्या मोबाइलवर, कारण फॉर्मवर नंबर त्याचाच होता!

ताईंनी पावती रजिस्टर पोस्टानं पाठवली, झेरॉक्स जवळ ठेवली. सोबत चार ओळी लिहिल्या: "दावा क्रमांक अमुक. मागितलेली पावती जोडली आहे. आणखी काही हवं असल्यास कृपया माझ्या या नंबरवर कळवावं." बारा दिवसांनी पैसे खात्यात जमा झाले.

फोन केलात की तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. तरीही दाद नाही मिळाली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि हो, फॉर्मवर नंबर स्वतःचाच लिहा.