जुनी मेल गेली कुठे?

आज १० जून २०२५ आहे असे धरा. पुणे-नागपूर रेल्वेत बसलेल्या एका हिशेबनिसाला मार्च २०२४ची करारपत्राची मेल हवी आहे. गाडीत नेटवर्क नाही. आउटलुकमध्ये जून २०२४नंतरच्या सगळ्या मेल दिसतात, पण त्याआधीची एकही नाही. मेल पुसली गेली या शंकेने तो घाबरतो, पण ती कंपनीच्या सर्व्हरवर सुखरूप असते.

विंडोजवरचे जुने, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुक ऑफिसच्या एक्सचेंज खात्याच्या मेलची एक प्रत लॅपटॉपवर ठेवते. नेट नसताना आपण वाचतो ती हीच प्रत. वर्षानुवर्षांच्या सगळ्या मेल उतरवल्या तर डिस्क भरेल आणि आउटलुक मंदावेल, म्हणून किती काळाच्या मेल उतरवायच्या याला मर्यादा असते. साधारणपणे ती एक वर्ष असते. लॅपटॉपची डिस्क लहान असेल तर ती आपोआप त्याहूनही कमी ठरते.

हे वर्ष आजपासून मागे मोजले जाते, त्यामुळे सीमा रोज पुढे सरकते. गेल्या महिन्यात प्रवासात उघडलेली मेल या महिन्यात त्याच लॅपटॉपवर नसते आणि मधल्या काळात कोणी कशालाही हात लावलेला नसतो. कॅलेंडर आणि संपर्कांना मात्र ही मर्यादा लागू नाही, म्हणून जुन्या बैठकीची नोंद दिसते, पण तिच्यासंबंधीची मेल सापडत नाही.

जोडणी असेल तर फोल्डरच्या यादीच्या तळाशी, सर्व्हरवर आणखी मेल आहेत असे सांगणारी एक ओळ येते. तिच्यावर क्लिक केले की जुन्या मेल सर्व्हरवरून दिसू लागतात. शोधाचेही तसेच आहे. जोडणी नसताना तो फक्त लॅपटॉपवरची प्रत धुंडाळतो, म्हणून ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘मेल नाही’ असा घेऊ नये.

मर्यादा वाढवायची तर File मधून Account Settings उघडा, खाते निवडून Change दाबा. तिथली सरकपट्टी तीन दिवसांपासून All, म्हणजे सगळ्या मेलपर्यंत जाते. आपल्या हिशेबनिसाने ती दोन वर्षांवर नेली तर जून २०२३पासूनच्या मेल उतरतील आणि करारपत्र त्यात येईल. बदलानंतर आउटलुक बंद करून पुन्हा उघडावे लागते आणि मेल पूर्ण उतरेपर्यंत नेट चालू ठेवावे लागते. सरकपट्टी हलतच नसेल तर ती बहुधा ऑफिसच्या आयटी विभागाने ठरवून दिलेली असते, तेव्हा त्यांनाच सांगावे.

सरकपट्टी मागे आणली तर लॅपटॉपवरची प्रतच कमी होते, सर्व्हरवरची मेल जात नाही. पण मेल स्वतः डिलीट केली तर ती दोन्हीकडून जाते. म्हणून जागा मोकळी करायची असेल तर मेल पुसण्याऐवजी सरकपट्टी मागे न्यावी.

प्रवासाला निघण्यापूर्वी Send / Receive टॅबमधले Work Offline दाबून हवी ती मेल उघडून पाहावी. ती उघडली तर नेट नसतानाही उघडेल. उघडली नाही तर घरचे नेट हाताशी असतानाच मर्यादा वाढवता येईल.